एसीवाल्या दादांची ओळख लिहिताना

कंपनीच्या पानावर दर शनिवारी आपल्या एका माणसाचा फोटो टाकायचा आणि खाली त्याची ओळख करून देणाऱ्या चार ओळी लिहायच्या, असं आमच्या मालकांनी यंदाच्या उन्हाळ्याआधी ठरवलं. कंपनी म्हणजे कोल्हापुरात एसी बसवणारी आणि दुरुस्त करणारी आमची छोटीशी फर्म. फोनवर तक्रारी घ्यायच्या, कुणी कुठे जायचं ते लावून द्यायचं, बिलं करायची, ही माझी रोजची कामं. त्यात आता या लिहिण्याची भर पडली. पहिला मान अर्थातच आमच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियनचा. त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, वयाने मोठे असलेले मालकसुद्धा.

लिहायला बसण्याआधी मी इतर ठिकाणच्या अशा ओळखी वाचल्या. बहुतेकांचा साचा एकच. हसतमुख, मेहनती, जबाबदारीने काम करणारे, ग्राहकांचं समाधान हेच ध्येय मानणारे, आमच्या परिवाराचा अविभाज्य भाग. हे शब्द खोटे नाहीत, पण वरचा फोटो झाकला तर खालचा मजकूर टेम्पोच्या ड्रायव्हरला लागू पडतो, हिशेबनिसाला लागू पडतो आणि क्लासच्या सरांनाही. ज्याची ओळख करून द्यायची तो माणूस दिवसभर करतो काय, हे त्यातून कळत नाही. मग त्याला माणूस म्हणून समोर आणलं असं कसं म्हणायचं? मला वाटतं, कामगाराचा मान त्याच्या कामाचा तपशील सांगण्यात असतो. विशेषणं लावली की तो तपशील लिहायची गरज उरत नाही, म्हणून ती सोपी पडतात.

मालकांच्या मनात वेगळं होतं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांची, दुकानांची आऊटडोअर युनिटं पाण्याखाली गेली होती. पाणी ओसरल्यावर दादांनी चिखलातून ती काढली, धुतली, वाळवली, वाचवता आली तेवढी वाचवली. ती गोष्ट लिही, लोकांना भिडेल, असं मालकांचं म्हणणं. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण महापूर रोज येत नाही. आमचं गिऱ्हाईक दादांना बोलावतं ते एखाद्या मंगळवारी दुपारी, खोली गार होत नाही म्हणून. त्या मंगळवारी दादा जे करतात ते कुणी बघत नाही, कारण माणसं त्यांना आत घेऊन, एसी दाखवून, आपापल्या कामाला लागतात. मला तोच मंगळवार लिहायचा होता. म्हणून एक दिवस मी ऑफिस दुसऱ्या मुलीवर सोपवलं आणि दादांच्या आणि त्यांच्या हेल्परच्या मागे माझी गाडी काढली.

साने गुरुजी वसाहतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, चार वर्षांचा, आमचा बसवलेला नाही. दुसऱ्या कुणी बसवलेला आणि तेव्हापासून दरवर्षी मार्चमध्ये कुणाला तरी बोलावून गॅस भरून घेतलेला. काकूंनी दार उघडलं आणि सांगून टाकलं, ‘‘गॅस संपलाय बघा. दरवर्षी भरायलाच लागतोय की ओ. भरा आणि बिल सांगा.’’

दादांनी सिलिंडर खाली गाडीतच ठेवला होता. ते स्टुलावर चढले, पुढची जाळी उघडली, फिल्टर काढून उजेडात धरला. मग मला म्हणाले, ‘‘ताई, गॅस काय पेट्रोल न्हाई जळून संपायला. बंद पाइपातनं फिरतोय त्यो. कमी झालाय म्हंजे कुठनं तर गळालाय. आदी ते बघू.’’

हे एक वाक्य मी आमच्या ऑफिसात बसून कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण त्यातला सगळा अर्थ मला त्या दिवशी लागला. एसीतला गॅस आतल्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता उचलतो, पाइपातून बाहेरच्या युनिटमध्ये जातो, तिथे ती सोडतो आणि परत येतो. हा फेरा पूर्ण बंद आहे. मशीन धड बसवलेलं असेल तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. तेव्हा ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ याचा अर्थ ‘चार वर्षं एक भोक तसंच आहे’ असा होतो. काकूंनी चार वर्षं भोकाचं भाडं भरलं होतं.

पण गॅसच कमी आहे, हे तरी कशावरून? फिल्टर तुंबला तरी खोली गार होत नाही. दादांनी आधी तेच बाजूला काढलं. फिल्टर बऱ्यापैकी स्वच्छ होता आणि वाऱ्याचा झोत जोरात येत होता. हवा आत घेते त्या जागी आणि बाहेर फेकते त्या जागी त्यांनी थर्मामीटर धरला. आत जाणारी ३१ अंश, बाहेर येणारी २६. एवढ्या वेळानंतर हा फरक दहा-बारा अंशांचा हवा होता. मग टॉर्च मारून त्यांनी मला कॉइल दाखवली. एका कोपऱ्यातल्या दोन-तीन नळ्यांवर पांढरा बर्फ धरला होता आणि बाकीची कॉइल कोरडी, खोलीइतकीच कोमट. फिल्टर तुंबून वारा कमी झाला की बर्फ बहुतेक सगळ्या कॉइलवर पसरतो. गॅस कमी असला की तो सुरुवातीच्या नळ्यांतच उकळून संपतो, म्हणून तेवढ्याच गोठतात आणि पुढच्या कॉइलला काही उरत नाही. बाहेर गॅलरीत युनिटच्या बारीक पाइपाच्या नटावरही दव गोठलेलं होतं. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

इथून पुढचं काम म्हणजे भोक शोधणं. मला वाटलं होतं की चालू मशीनमध्ये गॅस जोरात फिरतो, तेव्हाच गळती सापडत असेल. उलटं निघालं. दादांनी मशीन बंद करायला सांगितलं. एसी चालू असताना आतल्या बाजूचा दाब कमी असतो. बंद केला की बाहेरचा आणि आतला दाब हळूहळू एक होतो आणि आतल्या बाजूला तो जवळजवळ दुप्पट होतो. बारीक भोकातून गॅस तेव्हा जास्त जोराने बाहेर पडतो. दहा मिनिटं थांबून त्यांनी इनडोअर युनिट खालून उचललं, मागच्या पाइपावरचं काळं फोम बाजूला केलं आणि जाड पाइपाच्या नटावर बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला तेलकट काळी माती लागली होती. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं. गॅस उडून जातो, तेल तिथेच राहतं आणि त्यावर धूळ बसते. साबणाचं पाणी लावलं, आणि आम्ही तिघं त्या नटाकडे बघत उभे राहिलो. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मी ‘नाही वाटतं’ म्हणणार तेवढ्यात नटाच्या मागच्या बाजूला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, वाढला आणि फुटला. मग दुसरा. वर्षभरात मशीन निकामी करणारी गळती एवढीच असते. घाईत बघणाऱ्याला ती दिसत नाही.

काकूंना बोलावून दादांनी तो बुडबुडा दाखवला. हे ते प्रत्येक घरी करतात. त्यांचं म्हणणं असं की पैसे ज्यांनी द्यायचे त्यांनी रोग डोळ्यांनी बघितला पाहिजे. काकूंनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, मग हे चार वर्षं कुणी का दाखवलं न्हाई?’’ दादांनी यावर एक अक्षर काढलं नाही. त्यांनी खर्च सांगितला, किती वेळ लागेल ते सांगितलं आणि काकूंनी होकार दिल्यावर सामान वर आणायला हेल्परला पाठवलं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि जी मी फोटोखालच्या ओळींत मात्र घातली नाही. सांधा सोडवायचा तर आधी आतला गॅस काढून घ्यावा लागतो. त्याचा सोपा मार्ग असा की मशीन कुलिंगवर चालू ठेवायचं, बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कंप्रेसरलाच सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊ द्यायचा. पंपडाऊन म्हणतात त्याला. पाच मिनिटांत होतं. एसी एका घरातून दुसऱ्या घरात हलवताना हेच करतात आणि ते बरोबरच आहे. पण इथे पाइपाला भोक होतं. कंप्रेसर ओढायला लागला की आतला दाब शून्याच्या खाली जाऊ शकतो आणि त्याच भोकातून बाहेरची हवा आत शिरू शकते. हवा आणि तेल कंप्रेसरमध्ये एकत्र दाबलं गेलं, तापलं, की कंप्रेसर फुटू शकतो, बॉम्ब फुटावा तसा. त्यात आजकालच्या बहुतेक नव्या मशीनमधला आर-३२ हा गॅस स्वतः थोडा ज्वलनशील आहे. म्हणून दादांनी पंपडाऊन केलं नाही. काकूंना स्वयंपाकघरातली शेगडी बंद ठेवायला सांगितली, खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि रिकव्हरी मशीन जोडून गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. सिलिंडर काट्यावर ठेवलेला होता. आत आला ४८० ग्रॅम. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेलं होतं ८०० ग्रॅम. म्हणजे गेल्या मार्चनंतर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास हवेत गेला होता, तोही गेल्या वर्षी पूर्ण भरलेला होता असं धरलं तर.

सांधा सोडवल्यावर कारण हातात आलं. तांब्याच्या पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून नटाने दाबायचं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. पाइप कापल्यावर आतल्या कडेला बारीक धारदार कंगोरा राहतो, त्याला आमच्याकडे बर म्हणतात. तो रीमरने घासून काढायचा आणि घासताना पाइपाचं तोंड जमिनीकडे धरायचं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि कधीतरी मशीनच्या बारीक वाटेत जाऊन अडकतो. इथे बसवणाऱ्याने बर काढलाच नव्हता. कंगोऱ्यावरून फ्लेअर वाकडा बसला, गळू नये म्हणून पाना लावून जोर करून नट आवळला, आणि तांबं मानेपाशी पातळ होऊन केसाएवढी चीर गेली. जास्त आवळलं म्हणजे जास्त पक्कं, असं या कामात नसतं. दादा ठरलेल्या जोरावर टक् करून सुटणारा टॉर्क पाना वापरतात. हेल्परने नवीन फ्लेअर केला, दादांनी तो बोटाने चाचपला, टॉर्च धरून कड बघितली, तेलाचा एक थेंब लावला आणि नट बसवला.

यानंतर बराच वेळ वाट बघण्यात गेला, आणि दादांचं खरं काम मला त्या वाट बघण्यात दिसलं. आधी पाइपात कोरडा नायट्रोजन ४०० पीएसआयपर्यंत भरून ठेवला. नायट्रोजनच, तिथे ऑक्सिजन भरला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. गेजच्या काचेवर काट्याच्या जागी पेनाने खूण केली. अर्धा तास काटा हलला नाही तर सांधा पक्का. मग नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप लावला. हा पंप पाइपातली हवा काढतो, आणि हवेतली ओलही. ओल राहिली तर आतल्या तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि कंप्रेसरच्या मोटरीचं आयुष्य खातं. पुष्कळ जण इथे पंप लावत नाहीत. मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा पुढे ढकलून देतात, दोन मिनिटांचं काम. त्याने हवा बरीचशी जाते, ओल मात्र राहते. एसी त्या दिवशी गारच करतो. तक्रार दोन-तीन वर्षांनी येते, आणि तेव्हा कुणाला आठवत नाही की पंप लावला होता का.

दादांकडे पोकळी मोजायचा एक छोटा डिजिटल गेज आहे. त्यावरचा आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली आल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबवला आणि पुन्हा घड्याळ बघितलं. आकडा थोडा वर चढला आणि थांबला. मी घाबरून विचारलं, परत गळतंय का? ते म्हणाले, ‘‘गळत असतं तर थांबला नसता, चढतच गेला असता. थांबलाय म्हंजे आत थोडी ओल हाय. आजून पंधरा मिनटं पंप मारूया.’’ दुसऱ्या वेळेला आकडा जवळजवळ जागचा हलला नाही.

गॅस भरला तोही काट्यावर वजन करून, पाटीवरचा आकडा येईपर्यंत. जुन्या मशीनमध्ये गेजवरचा दाब आणि करंट बघून भरायची पद्धत होती आणि मुरलेला माणूस त्यावरून बरंच अचूक भरायचा. इन्व्हर्टर मशीनमध्ये कंप्रेसर आपला वेग सारखा बदलतो, त्याबरोबर दाब आणि करंटही बदलतात, म्हणून नुसतं गेज बघून भरणं म्हणजे अंदाज. वजन मात्र फसवत नाही. मशीन चालू केलं. पाऊण तासाने आत जाणारी हवा २८, बाहेर येणारी १६. एकूण साडेतीन तास गेले होते.

संध्याकाळी ऑफिसात येऊन मी लिहायला घेतलं. हे सगळं तर फोटोखाली मावणार नव्हतं. इन्स्टाग्रामवर फोटोखाली २२०० अक्षरं बसतात म्हणे, पण ‘आणखी’वर बोट न लावता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. म्हणजे पहिल्याच ओळीत असं काही हवं जे फक्त या माणसाबद्दलच खरं असेल. आणि दिवसातली एकच गोष्ट निवडायची होती. पंपडाऊनची गोष्ट मी सोडली, कारण ती अर्धवट वाचून कुणी घरच्या घरी काहीतरी करायला जाईल ही भीती होती, आणि आठ ओळींत ती नीट सांगता येत नाही. व्हॅक्यूम महत्त्वाचा खरा, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. बुडबुडा उभा राहतो.

मी लिहिलं ते असं. सुरुवातीला त्यांचं पूर्ण नाव होतं, ते इथे देत नाही.

‘‘तुमचा एसी गार करत नसेल तर हे आधी गॅस भरणार नाहीत. आधी मशीन बंद करतील, दहा मिनिटं थांबतील आणि पाइपाच्या नटावर साबणाचं पाणी लावून बघत बसतील. परवा साने गुरुजी वसाहतीत एका घरी मोहरीएवढा बुडबुडा सापडला. त्या घरात चार वर्षं दरवर्षी गॅस भरला जात होता. सांधा नवीन केला, नायट्रोजनने तपासला, हवा आणि ओल काढली आणि गॅस वजन करून भरला. साडेतीन तास लागले. पुढच्या मार्चमध्ये त्या घरून फोन येऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी हे दादांना वाचून दाखवलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने वाचल्याशिवाय काही टाकायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. त्याचा चेहरा, त्याचं नाव, त्याच्या गल्लीतली माणसं वाचणार. दादांनी दोनदा ऐकलं आणि तीन गोष्टी बदलायला लावल्या.

पहिली म्हणजे चार वर्षांचं वाक्य. ‘‘ते काढा. ज्यानं भरला त्यो बी कुणाच्या तर घरचा पोरगा हाय. त्याला टाइम किती दिला हुता, मशीन दिली हुती काय, ते आपल्याला म्हाईत न्हाई.’’ मला ते वाक्य आवडत होतं, त्यानेच गोष्टीला जोर येत होता. पण दुसऱ्या कामगाराला खाली दाखवून यांना वर दाखवायचं, तेही त्यांचीच इच्छा नसताना, हे मला पटेना. काढलं. दुसरी, हेल्परचं नाव. ‘‘फ्लेअर त्यानं केलाय, मी न्हाई.’’ हेल्पर आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून आमच्याकडे आलाय, अजून दादांच्या हाताखालीच असतो. त्याचं नाव घातलं. तिसरी, वसाहतीचं नाव काढून नुसतं ‘परवा एका घरी’. दादा म्हणाले, काकू दुपारी एकट्याच असतात, कशाला सांगायचं कुणाला. हे माझ्या डोक्यात यायला हवं तेवढं स्पष्ट आलं नव्हतं, त्यांच्या आलं. रोज अनोळखी घरात शिरणाऱ्या माणसाला घराची काळजी आमच्यापेक्षा जास्त कळते. काकूंना फोन करून, घराचं नाव-गाव न देता त्यांची गोष्ट सांगितली तर चालेल का, तेही विचारून घेतलं. इथे मी जागेचं नाव घेतलंय तेही त्यांच्याच परवानगीने.

फोटोवरून मात्र वाद झाला. आमच्याकडे दादांचा एक जुना फोटो आहे. चौथ्या मजल्याच्या छज्जावर, एक पाय ग्रीलवर, एका हाताने आऊटडोअर युनिट पेललेलं, मागे पार रंकाळ्यापर्यंत शहर. बघताक्षणी अंगावर काटा येतो. हाच टाका, सगळ्यात जास्त चालेल, असं ऑफिसातल्या सगळ्यांचं मत. त्यात दादांच्या कमरेला पट्टा नाही. मी नाही म्हटलं आणि अडून बसले. असा फोटो कौतुकाने टाकला की आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, पट्ट्याशिवाय चढणं ही आमच्या माणसाची हिंमत आहे. उद्या तेच गिऱ्हाईक पट्टा बांधायला दहा मिनिटं घेणाऱ्या पोराला म्हणेल, तुमचे दादा तर असेच चढतात. आणि नव्या हेल्परला वाटेल, मोठं व्हायचं ते असं. दादांनीच वाद मिटवला. ते म्हणाले, तो फोटो त्यांनी घरी कधी दाखवलेला नाही. शेवटी मी त्या दिवशी काढलेला फोटो गेला: दादा स्टुलावर, मान वर, टॉर्च तोंडाशी, आणि बोट नटाकडे. चेहरा अर्धाच दिसतो. पण ते बघतायत हे दिसतं.

यात एक गोष्ट अशी होती की ती सोडवल्याशिवाय मला तो मजकूर टाकवत नव्हता. आमच्याकडे टेक्निशियनला पगारावर कॉलमागे थोडे पैसे मिळतात. दिवसात पाच-सहा कॉल झाले तर महिना बरा जातो. साडेतीन तासांचा एक कॉल म्हणजे त्या दिवशी जेमतेम तीन. त्याच वेळात सिलिंडर लावून गॅस भरून निघून येणारा माणूस दुप्पट कमावतो, आणि गिऱ्हाईकही खूश असतं, निदान पुढच्या मार्चपर्यंत. मग आम्ही एकीकडे फोटोखाली लिहायचं की आमचा माणूस दहा मिनिटं थांबून बुडबुडा शोधतो, आणि दुसरीकडे त्या दहा मिनिटांचे पैसे त्याच्याच खिशातून कापायचे, हे कसं? असं लिहिणं म्हणजे दादांच्या सचोटीची जाहिरात आम्ही करायची आणि तिची किंमत दादांनी भरायची. मी हे मालकांना सरळ बोलले. यादी तर मीच लावते, त्यामुळे आकडे माझ्याकडे होते. गळतीच्या कामाला तीन कॉल धरायचे, असं मी सुचवलं. मालकांनी एक दिवस मागून घेतला, हिशेब केला आणि दोन कॉलवर तयार झाले. तीन मला अजूनही रास्त वाटतात आणि उन्हाळा संपला की मी परत विषय काढणार आहे. पण दोन झाल्यावर मी शनिवारी मजकूर टाकला.

प्रतिसाद म्हणावा तर महापुराच्या गोष्टीला मिळाला असता तेवढा मिळाला नाही. मला त्यातले दोन लक्षात राहिले. एक फौंड्रीत काम करणारे गृहस्थ, त्यांनी विचारलं की नायट्रोजनचा दाब किती वेळ धरता. त्यांना दादांनी स्वतः उत्तर लिहिलं, आणि उन्हात असलेल्या पाइपावर ऊन सरलं की काटा थोडा उतरतो, त्याला गळती समजू नका, हेही सांगितलं. दुसऱ्या एक बाई, त्यांच्या घरी दर दोन वर्षांनी गॅस भरतात म्हणाल्या, आणि आमचा नंबर न मागता फक्त विचारलं, आधी मशीन बंद करून तपासायला सांगायचं ना? मी हो म्हटलं. त्यांनी कुणाकडूनही करून घेतलं तरी चालण्यासारखं आहे.

माझ्या कामात यामुळे एक बदल झालाय. ‘गॅस भरायचाय’ असा फोन आला की मी आता विचारते, शेवटचा कधी भरला होता आणि त्यानंतर किती महिने गार केलं. वर्ष-दोन वर्षांच्या आतलं उत्तर असेल तर यादीत ‘गॅस’ लिहीत नाही, ‘गळती’ लिहिते, आणि त्या टेक्निशियनला पुढचा कॉल दुपारनंतरचाच देते.

येत्या शनिवारी हेल्परचा नंबर आहे. काय लिहिणार म्हणून तो तीन-चार दिवस मागे लागलाय. मी त्याला म्हटलं, तू असं कुठलं काम करतोस की जे आता दादा परत तपासत नाहीत, ते सांग. त्याने बराच विचार केला. म्हणाला, ‘‘फ्लेअर अजून तपासतात. पण बर काढलाय का, ते आता विचारत न्हाईत.’’ सोमवारी राजारामपुरीत नवीन एसी बसवायचाय. मी त्याच्याबरोबर जाणार आहे, रीमर हातात असतानाचा फोटो काढायला.